टी.सी. आणि बोनाफाईड: शाळेच्या कार्यालयात अर्ज करण्याआधी पालक विचारतात ते प्रश्न

मराठवाड्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात माझी नोकरी आहे. दाखला मागायला येणाऱ्यांत आईवडील असतात, मामा-काका असतात, कधी मोठी बहीण असते. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: "सर, दाखला पाहिजे, उद्याच लागायलाय." कोणता दाखला, कोणत्या लेकराचा, कोणत्या कामासाठी आणि नेमका कधीपर्यंत, एवढं एका कागदावर लिहिलेलं असलं की निम्मं काम तिथंच होतं. ते कसं लिहायचं आणि लिहिताना काय चुकतं, ते खाली सांगितलं आहे.

टी.सी. आणि बोनाफाईड यांत फरक काय?

बोनाफाईड म्हणजे मूल आज या शाळेच्या पटावर आहे, अमुक वर्गात शिकत आहे, असं मुख्याध्यापकांनी लिहून दिलेलं प्रमाणपत्र. ते घेतल्यानं मुलाचं नाव शाळेतून कमी होत नाही. कामं वेगवेगळी असतील तर ते वर्षातून पुन्हा मागता येतं. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, बँकेतलं खातं, आधारमधली दुरुस्ती, पासपोर्ट अशा कामांना साधारणपणे हेच लागतं.

टी.सी. म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. कोणी त्याला एल.सी. म्हणतं, कोणी नुसतंच 'दाखला'. तो निघाला की जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याची तारीख आणि कारण चढतं आणि मुलाचं नाव हजेरीतून कमी होतं. मूळ प्रत एकदाच मिळते आणि ती नव्या शाळेत जमा होते.

म्हणून "सेतूवाल्यानं दाखला आणायला सांगितलंय" असं कोणी म्हणालं की मी आधी काम विचारतो. जातीच्या दाखल्यासाठी मूल शाळेत शिकत असताना टी.सी. काढायची काहीच गरज नसते. ऐकण्यातल्या गोंधळानं पालक टी.सी.चा अर्ज देतात, कार्यालयही न विचारता दाखला काढून देतं आणि मग लेकराचं नाव पुन्हा चढवण्यासाठी धावपळ सुरू होते.

दोन्ही लागत असतील तर आधी कोणतं मागायचं?

आधी बोनाफाईड. टी.सी. निघाल्यावर 'सदर विद्यार्थी या शाळेत शिकत आहे' असं मुख्याध्यापक लिहून देऊ शकत नाहीत, कारण ते खरंच राहिलेलं नसतं. फार तर 'या कालावधीत शिकत होता' असं देता येतं आणि पुष्कळ ठिकाणी ते चालत नाही.

दहावीनंतर हा घोटाळा हमखास होतो. निकाल लागला की मुलं अकरावीसाठी लातूरला, नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला जायच्या घाईत असतात. टी.सी. घेतात, कॉलेजात मूळ प्रत जमा करतात आणि जातीच्या दाखल्याची फाईल करायला बसल्यावर बोनाफाईड आठवतं. दहावीच्या वर्षात, परीक्षेच्या आधीच, जातीचा आणि जन्मस्थळाचा उल्लेख असलेलं बोनाफाईड काढून ठेवावं, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो.

अर्ज छापील नमुन्यातच लागतो का?

नाही. काही शाळांकडे छापील नमुना असतो, तो असेल तर तोच भरा. नसेल तर वहीच्या स्वच्छ कागदावर हातानं लिहिलेला अर्जही चालतो. अक्षर वाचता आलं पाहिजे, एवढंच.

अर्जात मुलाची कोणती माहिती हवीच?

रजिस्टरमध्ये नोंद सापडेल एवढी. आम्ही दाखला लिहितो तो जनरल रजिस्टरवरून. दाखल्याच्या तळाला तसं छापलेलंच असतं की वरील माहिती शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणे बरोबर आहे. मूल पहिल्यांदा शाळेत आलं त्या दिवशी त्याच्या नावासमोर एक क्रमांक पडतो, तोच रजिस्टर नंबर. तो क्रमांक अर्जात असेल तर नोंद लगेच सापडते. तो प्रगती पुस्तकावर, जुन्या बोनाफाईडवर किंवा ओळखपत्रावर बघा. नाही सापडला तर मुलाला कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात घातलं होतं ते लिहा, म्हणजे त्या वर्षाची पानं काढता येतात.

नाव रजिस्टरमध्ये जसं आहे तसंच लिहा. घरात हाक मारायचं नाव वेगळं, आधारवरचं वेगळं आणि शाळेतलं वेगळं, असं आपल्याकडे बऱ्याच मुलांचं असतं. गावात एकाच आडनावाची निम्मी आळी असते आणि एकाच वर्गात दोन मुलांचं पहिलं नाव आणि आडनाव सारखं निघतं. तिथं वडिलांचं आणि आईचं नाव नसेल तर चुकीच्या मुलाचा दाखला लिहिला जाऊ शकतो. तेव्हा मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, तुकडी आणि रजिस्टर नंबर एवढं अर्जात असू द्या. सरल आणि यू-डायस या शाळांच्या ऑनलाईन नोंदी, त्यांतला सरलचा स्टुडंट आयडी आणि यू-डायसचा पेन क्रमांक माहीत असेल तर लिहा. नसेल तर अडत नाही, तो शाळेच्या लॉगिनला दिसतो.

बोनाफाईडच्या अर्जात आणखी एक ओळ लागते: कशासाठी हवं आहे. त्यावरून मजकूर ठरतो. जातीच्या दाखल्यासाठी धर्म, जात आणि जन्मस्थळ लिहावं लागतं. बँकेला पत्ता हवा असतो, शिष्यवृत्तीला चालू शैक्षणिक वर्ष आणि इयत्ता. कारण लिहिलं नाही तर नेहमीच्या मजकुराचं बोनाफाईड मिळतं आणि तहसीलमधून "यात जात नाही" म्हणून ते परत येतं.

'कधीपर्यंत हवा' ती तारीख कशी लिहायची?

'तातडीने' आणि 'लवकरात लवकर' हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, त्यामुळे त्यावरून कोणता अर्ज आधी हातात घ्यायचा ते कळत नाही. तारीख लिहा आणि ती कुठून आली तेही लिहा. 'नव्या शाळेने १० डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे, म्हणून ८ डिसेंबरपर्यंत मिळावा' असं लिहिलेला अर्ज मुख्याध्यापकांसमोर ठेवला की विचारायला काही उरत नाही.

खऱ्या मुदतीच्या दोन दिवस आधीची तारीख मागा, कारण दाखल्यात एखादी चूक निघाली तर तो पुन्हा लिहायला वेळ लागतो. मुदत खोटी मात्र सांगू नका. एकाचं काम खरंच उद्यावर आलेलं असतं आणि दुसऱ्यानं नुसतंच 'उद्या' म्हटलेलं असतं, तेव्हा मागे राहतो तो खरा गरजू.

टी.सी.च्या अर्जात दुसरीही एक तारीख लागते. मूल शाळेत शेवटचं कधी येणार, ती. ही शाळा सोडल्याची तारीख असते आणि दाखल्यावर छापली जाते. दाखला हातात हवा ती तारीख वेगळी. अर्जात एकच तारीख असली की आम्ही कोणती धरायची? ८ तारखेला दाखला हवा म्हणून लिहिलं आणि आम्ही ८ हीच शाळा सोडल्याची तारीख धरली, तर मूल ५ तारखेपासून गैरहजर असताना ८ पर्यंत पटावर राहतं. हजेरीपट आणि दाखला जुळत नाहीत आणि पुढं कोणी तपासलं तर शाळेला उत्तर द्यावं लागतं.

पूर्ण अर्ज कसा दिसतो, ते दाखवाल का?

गेवराई तालुक्यातल्या एका गावातलं उदाहरण घेऊ. वडिलांना वाळूजच्या कंपनीत काम लागलं. मुलगी जिल्हा परिषद प्रशालेत सातवीत. वाळूजच्या शाळेनं सांगितलं, १० डिसेंबरच्या आत टी.सी. आणा. मोठ्या भावाचा जातीचा दाखला काढायचा राहिल्यामुळे पुढं बरंच अडलं होतं, म्हणून आईनं हिचं बोनाफाईडही आत्ताच मागायचं ठरवलं. सोमवारी तिनं दिलेला अर्ज असा, फक्त नावाच्या जागी अ. ब. क. घातलं आहे:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
जिल्हा परिषद प्रशाला, (गाव), ता. गेवराई, जि. बीड

दिनांक: १ डिसेंबर २०२५

विषय: बोनाफाईड प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,
माझी मुलगी कु. अ. ब. क. (आईचे नाव: ड.) आपल्या प्रशालेत इयत्ता ७ वी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. तिचा जनरल रजिस्टर नंबर ४१२७ असून जन्मतारीख १४ ऑगस्ट २०१३ आहे.

१) जातीच्या दाखल्यासाठी धर्म, जात व जन्मस्थळ नमूद केलेले बोनाफाईड प्रमाणपत्र ४ डिसेंबरपर्यंत मिळावे.

२) वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही वाळूज येथे राहायला जात आहोत. मुलगी शुक्रवार, ५ डिसेंबरपर्यंत शाळेत हजर राहील. नवीन शाळेने १० डिसेंबरपर्यंत मुदत दिली असल्याने शाळा सोडल्याचा दाखला ८ डिसेंबरपर्यंत मिळावा.

मुलीची पाठ्यपुस्तके व ग्रंथालयाची पुस्तके परत केली जातील. सोबत मुलीच्या आधारची व माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडली आहे.

आपली विश्वासू,
(सही, नाव, विद्यार्थिनीशी नाते, मोबाईल नंबर)

यात फाटे नाहीत. बोनाफाईड आधी निघालं, कारण त्या दिवशी मुलगी पटावर होती. शुक्रवारी ती शेवटची शाळेत आली आणि तीच तारीख दाखल्यावर पडली. सोमवारी आई दाखला न्यायला आली तेव्हा खिडकीतच तिनं तो ओळीनं वाचला. जन्मस्थळाच्या रकान्यात तालुका राहून गेला होता, रजिस्टरमध्ये मात्र होता. लेखनिकानं तो दाखला रद्द केला आणि दुसरा लिहिला. मुख्याध्यापक पंचायत समितीच्या बैठकीला गेले होते, त्यामुळे सही मंगळवारी झाली. बुधवारी, १० तारखेला, दाखला वाळूजला पोचला. मुदतीआधीचे ते दोन दिवस नेमके इथं कामी आले.

अर्ज दिल्यावर पोच घ्यायची का?

हो. अर्जाच्या दोन प्रती करा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. कार्यालयावर अविश्वास दाखवायचा म्हणून नाही. अर्ज फाईलखाली गेला तर आम्हालाही त्या क्रमांकावरून तो शोधता येतो.

दाखला हातात आल्यावर काय काय तपासायचं?

खिडकीतून बाजूला व्हायच्या आधी वाचा. बोट ठेवून वाचा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव. मग जन्मतारीख, अंकी आणि अक्षरी दोन्ही, कारण अंकात १४ आणि अक्षरात 'चोवीस' असं घाईत होतं. मग धर्म, जात आणि पोटजात. मग जन्मस्थळ, तालुका आणि जिल्ह्यासकट. शेवटी शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता आणि शेरा. सही आणि गोल शिक्का आहे का तेही बघा.

चूक दिसली तर ती कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखावं लागतं. रजिस्टरमध्ये बरोबर आहे आणि दाखल्यावर उतरवताना चुकलं असेल, तर शाळा तो दाखला रद्द करून लगेच दुसरा देते. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. रजिस्टरमधलीच नोंद चुकीची असेल तर मुख्याध्यापक स्वतःच्या पेनानं ती बदलू शकत नाहीत. जन्माचा दाखला किंवा तसा भक्कम पुरावा जोडून शिक्षण विभागाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो आणि मंजुरी आल्यावर लाल शाईनं, आदेशाचा क्रमांक लिहून दुरुस्ती होते. मूल शाळेत असतानाच हे करून घेणं सोपं असतं. एकदा शाळा सोडली की नाव, जात, जन्मतारीख यांतली दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. आणि दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा चुकीची तारीख गेली की पुढची सगळी कागदपत्रं तीच धरून निघतात.

म्हणून मुलाचं बोनाफाईड काढाल तेव्हाच ते नीट वाचा. त्यात दिसणारी चूक ही बहुधा रजिस्टरमधलीच असते आणि तेव्हा हातात वेळ असतो.

दाखल्यावर स्वतः खाडाखोड करू नका, एक काना-मात्रासुद्धा नाही. देणाऱ्या शाळेशिवाय कोणालाही दाखल्यात बदल करता येत नाही. खाडाखोड केलेला दाखला नवी शाळा घेणार नाही आणि वर चौकशी मागे लागेल.

ऊसतोडीला जातोय. लेकरू सोबत येणार. टी.सी. काढू का?

काढू नका. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडची माणसं दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात आणि हंगाम संपला की परत येतात. एवढ्यासाठी टी.सी. काढली तर मुलाचं नाव गावच्या शाळेतून जातं, कारखान्यावर नव्या शाळेत घालणं होत नाही आणि मार्च-एप्रिलमध्ये मूल कुठल्याच पटावर नसतं. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी अशा लेकरांची असते.

हंगामी स्थलांतरासाठी शिक्षण हमी पत्रक असतं. जाण्याआधी मुख्याध्यापकांना सांगा: कोणत्या कारखान्यावर, कोणत्या गावाला, किती दिवसांसाठी. पत्रकात मुलाची माहिती आणि तो काय काय शिकला आहे याची नोंद असते. ते घेऊन गेल्यावर तिथल्या शाळेत मूल बसतं, नाव गावच्याच शाळेत राहतं आणि परत आल्यावर पत्रक जमा होतं. गावात आजी किंवा दुसरं कोणी सांभाळणारं असेल तर हंगामी वसतिगृहाबद्दलही शाळेत विचारा. तिथं पालक बाहेर असेपर्यंत मुलांची गावातच सोय होते.

कायमचंच गाव सोडत असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा टी.सी. काढा.

टी.सी. आणल्याशिवाय नवी शाळा प्रवेश देत नाही. काय करायचं?

पहिली ते आठवीपर्यंत कायदा मुलाच्या बाजूनं आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, यातलं कलम ५ सांगतं की मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही की नाकारता येत नाही. दाखला अडवून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवा नियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते, असंही त्याच कलमात आहे.

तेव्हा मुलाला आधी वर्गात बसवा, दाखला मागून येईल. जुन्या शाळेच्या अर्जाची पोच नव्या शाळेत दाखवली की तिथल्या मुख्याध्यापकांनाही धीर येतो.

नववीपासून पुढं आणि विनाअनुदानित शाळेत जाताना हे कलम लागू होत नाही. तिथं दाखला वेळेवर आणणं आलं. दहावीच्या वर्षात बदलायचं असेल तर बोर्डाचे परीक्षा अर्ज भरायच्या आधीच दोन्ही शाळांशी बोला.

शाळा दाखला देत नाही, नुसत्या फेऱ्या मारायला लावते. कोणाकडे जायचं?

आधी नेमकं कुठं अडलंय ते विचारा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लेखनिक नसतो. मुख्याध्यापकच वर्ग शिकवतात, माहिती भरतात, बैठकांना जातात आणि दाखलेही लिहितात. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याला वर्ग सोडता येत नाही. अशा ठिकाणी शाळा सुटल्यावर जा किंवा आधी फोन करून जा, काम होतं.

खरोखरच टाळाटाळ असेल तर पोच घेतलेली प्रत घेऊन केंद्रप्रमुखांना भेटा. त्यांच्या फोनवर बरीच कामं सुटतात. नाही सुटलं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि त्यानंतर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी. शाळा प्राथमिक असेल तर प्राथमिक विभागाचे, हायस्कूल असेल तर माध्यमिकचे. तोंडी तक्रार करू नका. अर्जाची तारीख, आवक क्रमांक आणि मुलाचं किती नुकसान होतंय ते चार ओळींत लिहून द्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दाखला मिळतो का?

हायस्कूलमध्ये बहुधा मिळतो, कारण कार्यालयीन कर्मचाऱ्यांना शिक्षकांइतकी लांब सुट्टी नसते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला मात्र कुलूप असतं आणि मुख्याध्यापक त्यांच्या गावी गेलेले असतात. शाळा बदलायची हे मार्चमध्ये ठरलं असेल तर निकालाच्या दिवशीच अर्ज हातात द्या. जूनच्या मध्यात शाळा उघडतात त्या आठवड्यात येऊ नका असं म्हणत नाही, पण त्या आठवड्यात नवे प्रवेश, पुस्तकांचं वाटप आणि दाखले सगळंच एकदम अंगावर येतं.

कागदी दाखला दिला, तरी नवी शाळा म्हणते ऑनलाईन नाव येत नाही. म्हणजे काय?

मुलाचं नाव जुन्या शाळेच्या लॉगिनला अजून अडकलेलं आहे. नवी शाळा सरलवर मुलासाठी विनंती पाठवते आणि जुनीनं ती मान्य करायची असते. यू-डायस प्लसमध्येही जुन्या शाळेनं मुलाला ड्रॉप बॉक्समध्ये सोडलं की मगच नव्या शाळेला त्याला घेता येतं. हे पालकाच्या हातातलं काम नाही. तुम्ही एवढंच करा: दाखला घेताना विचारा की ऑनलाईन नाव सोडलं का. आणि जुन्या शाळेच्या कार्यालयाचा फोन नंबर नव्या शाळेला द्या.

आईनं अर्ज केला तर चालतो का? मामा किंवा काका करू शकतात का?

आईची सही वडिलांच्या सहीइतकीच चालते. दुसरं नातेवाईक येणार असेल तर आई किंवा वडिलांचं सहीचं संमतीपत्र आणि येणाऱ्याचं ओळखपत्र आणा. टी.सी. कोणाच्याही हातात दिली जात नाही, कारण आईवडिलांच्या भांडणात एकानं दुसऱ्याला न सांगता मुलाची शाळा बदलल्याचे प्रकार घडतात. मूल अठरा वर्षांचं झालेलं असेल तर ते स्वतः अर्ज करू शकतं.

मूळ टी.सी. हरवली. दुसरी मिळते का?

दुय्यम प्रत मिळते. अर्जासोबत ती हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, काही शाळा पोलीस ठाण्यातली हरवल्याची नोंदही मागतात. दाखल्यावर 'दुय्यम प्रत' असा शेरा येतो. मूळ दाखला दुसऱ्या शाळेत किंवा कॉलेजात जमा असेल तर तो हरवलेला नाही. तिथूनच त्याची सत्यप्रत मागा. नव्या शाळेत मूळ प्रत देण्याआधी चार-पाच झेरॉक्स आणि एक स्वच्छ फोटो काढून ठेवा.

आजोबांचा शाळेतला उतारा हवा आहे, जात पडताळणीसाठी. कसा मागायचा?

याला प्रवेश निर्गम उतारा म्हणतात. इथं रजिस्टर नंबर कोणालाच माहीत नसतो, म्हणून आजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, त्यांच्या बरोबर शाळेत असलेल्या भावांची नावं आणि शाळेत गेल्याचं अंदाजे वर्ष लिहा. तेव्हा बऱ्याच नोंदी आडनावाशिवाय किंवा वेगळ्या आडनावानं असायच्या. आम्ही वडिलांच्या नावावरून शोधतो.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्या काळातली रजिस्टरं उर्दूत सापडतात आणि वर्ष तिथल्या फसली कालगणनेतलं असतं. फसली वर्षात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो. नोंदीत १३५० असेल तर ते १९४० च्या आसपासचं. महिनेही आझूर, दै, बहमन असे असतात. शाळेकडून त्या पानाची साक्षांकित झेरॉक्स आणि उतारा दोन्ही मागा आणि उर्दू नोंदीचं भाषांतर जाणकाराकडून करून घ्या. पानं हात लावताच तुटण्याइतकी जुनी असतात. या अर्जात आठवड्याची मुदत पुरत नाही, शोधायला वेळ द्या.

दाखला महाराष्ट्राबाहेरच्या शाळेसाठी हवा असेल तर?

देगलूर, धर्माबादकडून तेलंगणात आणि उदगीर, उमरग्याकडून कर्नाटकात जाणारी मुलं बरीच आहेत. परराज्यात जाताना टी.सी.वर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. अर्जातच 'परराज्यात प्रवेश घ्यायचा आहे' असं लिहा, म्हणजे शाळा दाखल्यासोबत तसं पत्र देईल. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन सही आणायची असते, तेव्हा हवी ती तारीख आणखी आठवडाभर आधीची धरा.

शाळेला पैसे द्यावे लागतात का?

जिल्हा परिषदेच्या शाळेत नाही. खासगी शाळेत कुठं किरकोळ शुल्क घेतात, त्याची पावती मागा.

शाळाच बंद पडली आहे. अर्ज कोणाकडे?

पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात. पट कमी झाल्यानं बंद झालेल्या शाळेची रजिस्टरं जवळच्या शाळेत किंवा कार्यालयाकडं जमा केलेली असतात आणि ती कुठं आहेत ते तिथंच कळतं. अर्जात बंद शाळेचं पूर्ण नाव, वस्ती किंवा तांडा, आणि मूल तिथं कोणत्या वर्षी होतं ते लिहा. रजिस्टर ज्या शाळेत गेलं असेल तिथले मुख्याध्यापक त्यावरून दाखला देतात.